पिवळं पडलेलं सोयाबीन आणि तुमचा तीन रकान्यांचा तक्ता

प्रश्न: सर, मी कृषी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पीक संरक्षणाच्या पेपरसाठी रोग-किडींचे तक्ते पाठ केलेत. लक्षणं, कारण, नियंत्रण, सगळं तोंडपाठ. पण शेतावर गेलं की गोंधळ उडतो. एकट्या सोयाबीनमध्येच पाच-सहा ठिकाणी 'पाने पिवळी पडतात' असं लिहिलंय. मग शेतात ओळखायचं कसं? आणि तक्ता नेमका कसा बनवावा?

उत्तर:

तक्त्यात चूक नाही, त्याची दिशा उलटी आहे. पुस्तकातला तक्ता नावापासून सुरू होतो: खोडमाशी, मग तिची लक्षणं, मग औषध. पेपरात प्रश्न तसाच येतो, म्हणून तिथे तो चालतो. शेतकरी मात्र तुमच्यासमोर नाव घेऊन येत नाही. तो एक पिवळं झाड आणतो आणि विचारतो, "काय झालंय?" म्हणजे तुम्हाला लक्षणाकडून नावाकडे जायचं असतं, आणि त्या वाटेवर तुमचा तक्ता काहीच सांगत नाही.

म्हणून मी विद्यार्थ्यांना दोन बदल करायला सांगतो. पहिला, तक्त्याचं शीर्षक पिकाचं किंवा किडीचं न ठेवता लक्षणाचं ठेवा: 'सोयाबीन पिवळं पडणं'. दुसरा, लक्षण आणि कारण यांच्या मध्ये एक रकाना वाढवा आणि त्याला 'पक्कं कशावरून' असं नाव द्या. या रकान्यात हाताने करून बघायची एकच गोष्ट लिहायची: चिरा, सोला, उलटा, झटका. जे करून बघता येत नाही ते तिथे लिहायचं नाही.

तुम्ही सोयाबीनचं उदाहरण दिलंय, तर तेच घेऊ. हा तक्ता माझ्या वहीतला आहे.

| शेतात काय दिसतं | पक्कं कशावरून | कारण | काय करायचं |
|---|---|---|---|
| शेंड्याकडच्या पानांवर गडद पिवळे आणि हिरवे वेडेवाकडे ठिपके, झाडं विखुरलेली | पान उलटून झटका, पांढऱ्या माश्या उडतात. पिवळेपणा शिरांची हद्द पाळत नाही | पिवळा मोझॅक विषाणू, वाहक पांढरी माशी | झाड उपटून पुरणं, पिवळे चिकट सापळे, वाहकासाठी फवारणी |
| कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या जाळीसारख्या, सखल किंवा चुनखडीचा पट्टा एकदम | अर्ध्या पानाला फेरस सल्फेट लावून आठवडाभर बघणं | लोहाची कमतरता (विकृती, रोग नाही) | पाण्याचा निचरा, फेरस सल्फेटची फवारणी |
| झाड निस्तेज, खालची पानं पिवळी, बाहेरून खोड निरोगी | खोड उभं चिरा, आत तांबूस नागमोडी बोगदा | खोडमाशी | पेरणीच्या वेळी बीजप्रक्रिया, पहिल्या महिन्यात फवारणी |
| एखादं पान किंवा शेंडा सुकून लोंबतो | सुकलेल्या भागाखाली एकमेकांजवळ दोन कापलेली वलयं | चक्रीभुंगा | वलयाखालून कापून नष्ट करणं, पातळी ओलांडल्यास फवारणी |
| पावसाच्या खंडात हलक्या जमिनीवर झाडं पिवळी पडून वाळतात, पानं झाडालाच लटकतात | बुडाची साल नखाने सोला, आत कोळशाची पूड सांडल्यासारखे ठिपके | मॅक्रोफोमिना बुरशी (चारकोल रॉट) | संरक्षित पाणी. खरा इलाज पुढच्या पेरणीला |

या पाच ओळी पाठ करायला दहा मिनिटं लागतात. दुसरा रकाना हातात बसायला मात्र एक अख्खा हंगाम जातो. त्यामुळे त्याबद्दल सविस्तर लिहितो.

शेतात शिरण्याआधी दोन मिनिटं बांधावर उभं राहा. पिवळेपणा कुठे आहे ते बघा: उंचवट्यावर, सखल भागात, एका बांधाच्या कडेला की सगळीकडे शिंपडल्यासारखा? विषाणूची झाडं सुरुवातीला एकेकटी दिसतात, कारण माशी इथे बसली, तिथे बसली असं होतं. लोहाची कमतरता जमिनीला धरून असते, म्हणून तिथे पट्टाच्या पट्टा पिवळा दिसतो. चारकोल रॉट मुरमाड, ओल न धरणाऱ्या जागेपासून सुरू होतो. विद्यार्थी नेहमी पहिल्या पिवळ्या झाडापाशी धावत जातात आणि पान तोडून हातात घेतात. पान बघायचंच आहे, पण सगळ्यात शेवटी.

मग झाड काढायचं. उपटू नका, खुरप्याने मातीसकट काढा. उपटलं की मूळ तुटतं आणि अर्धा पुरावा जमिनीतच राहतो. मुळावरच्या गाठी बघून ठेवा. एखादी गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी-तांबडा रंग दिसला तर ती काम करते आहे. आतून पांढरट किंवा करडी निघाली तर नत्राची सोय झालेली नाही. अशा झाडाची खालची पानं सरसकट फिकट पिवळी होतात, शिरांसकट. पावसाचं पाणी साचलेल्या शेतात हे फार दिसतं आणि कारण नसताना तिथे कीटकनाशक फवारलं जातं.

आता खोड. एक साधं ब्लेड खिशात ठेवा. खोड बुडापासून वर उभं चिरायचं, आडवं कापायचं नाही. निरोगी सोयाबीनचा गाभा पांढरा असतो. खोडमाशी असेल तर गाभ्यात तांबूस-तपकिरी रेघ नागमोडी गेलेली दिसते. त्या रेघेत कधी फिकट पिवळी, बिनपायांची, दोन ते चार मिलिमीटरची अळी सापडते, कधी तपकिरी कोष, आणि कधी काहीच नाही. ही अळी म्हणजे मेलानाग्रोमायझा सोजे या बारीक काळ्या माशीची पिल्लं. माशी पानावर अंडी घालते, अळी पानाच्या शिरेतून देठात आणि देठातून खोडात उतरते. बाहेरून खोडाला काही झालेलं दिसत नाही, आणि याच कारणाने शेतकऱ्याचा विश्वास बसत नाही. त्याच्यासमोरच चिरून दाखवा.

चक्रीभुंग्याची अळीही खोड पोखरते. परीक्षेत या दोघांची गल्लत होते, शेतात व्हायला नको. चक्रीभुंग्याची मादी देठावर किंवा खोडावर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर अंतराने दोन वलयं कुरतडते आणि मध्ये अंडं घालते. वलयाच्या वरचा भाग सुकून लोंबतो. अळी पिवळसर, जाडसर, पूर्ण वाढली की दोन सेंटिमीटरच्या आसपास, आणि तिचा बोगदा भुश्शाने भरलेला असतो. वलयं दिसली की ब्लेडची गरजच नाही.

चारकोल रॉटसाठी बुडाशी, जमिनीलगत, साल नखाने सोला. साल सहज निघते आणि खाली राखाडी लाकडावर बारीक काळे ठिपके दिसतात, पेन्सिलचं टोक घासून पूड उडवल्यासारखे. दहापट भिंगाखाली ते कण सुटे सुटे दिसतात. हे बुरशीचे सूक्ष्म दाणे आहेत, जमिनीत ते वर्षानुवर्षं टिकतात. इथे एक सावधगिरी बाळगा. खोडावर आणि शेंगांवर काळे ठिपके करपा रोगातही येतात, पण ते सालीच्या वर असतात आणि भिंगातून बघितलं तर त्यांच्यावर काळे केस दिसतात. साल सोलल्यावर आत ठिपके सापडले तरच चारकोल रॉट म्हणा.

आता पान. मोझॅकमध्ये पिवळा रंग झगझगीत असतो आणि शिरांना न जुमानता वेडावाकडा पसरतो. लोहाच्या कमतरतेत शिरा हिरव्याच राहतात, मधला भाग पिवळा पडतो, पान जाळीदार दिसतं. कागदावर हा फरक स्पष्ट वाटतो. शेतात, दुपारच्या उन्हात, आधीच तीन औषधं फवारलेल्या पिकात तो इतका स्पष्ट नसतो. शंका असेल तेव्हा मी पानाची चाचणी करतो. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवायचं, पाणी ताजंच वापरायचं, कारण ठेवलं की ते तांबूस होतं आणि उपयोग जातो. एका कोवळ्या पानाच्या अर्ध्या भागाला कापसाने हे पाणी लावायचं, देठाला दोरा बांधून खूण करायची. आठवड्याच्या आत तेवढाच अर्धा भाग हिरवा झाला तर लोहाचीच कमतरता. दोन्ही भाग सारखेच पिवळे राहिले तर लोह नाही, दुसरं काही शोधा. पंचवीस रुपयांच्या आत होणारी चाचणी आहे, आणि तिच्यामुळे अख्ख्या शेताची फवारणी वाचते.

एक प्रत्यक्ष प्रसंग सांगतो, म्हणजे हे सगळं एकत्र कसं येतं ते कळेल.

२०२३ चा ऑगस्ट. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो, आणि मराठवाड्यात तर पिकं माना टाकून उभी होती. लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने फोन केला. दोन एकर सोयाबीन, पेरणी होऊन पन्नासेक दिवस झालेले, आणि ठिकठिकाणी पिवळं. दुकानदाराने 'येलो मोझॅक' म्हणून सांगितलं, त्याप्रमाणे दोन फवारण्या झाल्या होत्या, पिवळेपणा वाढतच होता. "भाऊ, औषधच डुप्लिकेट निघालं वाटतं," तो म्हणाला.

बांधावरून बघितलं तर शेताचे तीन भाग सरळ वेगळे दिसत होते. वरचा अर्धा एकर मुरमाड उंचवटा, तिथे झाडं पिवळी आणि दुपारी मलूल. मधला काळ्या जमिनीचा भाग, तिथे पीक उभं पण निस्तेज. आणि खालच्या बांधाच्या कडेला सहा-सात झाडं झगझगीत पिवळी. त्या बांधापलीकडे शेंगा तोडून झालेला, पण अजून उपटून न टाकलेला मूग उभा होता.

उंचवट्यावरची चार झाडं खुरप्याने काढली. मुळं राखाडी, बुडाची साल हाताबरोबर निघाली, खाली काळी पूड. चारकोल रॉट. मधल्या भागातली दहा झाडं काढून उभी चिरली. चार झाडांत खोडमाशीचा बोगदा निघाला. तिथे शेतकऱ्याचा चेहरा उजळला, म्हणजे आता औषध मारायचं तर? पण चारपैकी तीन बोगदे रिकामे होते, खोडाला बाहेर पडायचं बारीक छिद्र होतं. अळ्या आपलं काम उरकून गेल्या होत्या. एकाच झाडात जिवंत अळी होती. खालच्या कडेची झाडं मात्र खरोखर मोझॅकची होती, पान झटकलं की माश्या उडत होत्या.

म्हणजे दुकानदार चूक नव्हता, तो सात झाडांपुरता बरोबर होता. दोन एकरांचं निदान त्याने सात झाडांवर केलं होतं.

उपाय तीन झाले, तिन्ही वेगवेगळे. उंचवट्यावर विहिरीचं जे थोडं पाणी होतं ते तुषार संचाने दिलं, कारण ही बुरशी ताणाखालच्या झाडावरच जोर करते आणि वाळलेलं झाड कुठल्याही औषधाने परत येत नाही. जी गेली ती गेली, शेजारची वाचवायची होती. मधल्या भागात खोडमाशीसाठी काहीच केलं नाही. आर्थिक नुकसानीची पातळी १० ते १५ टक्के झाडं अशी पाठ केली असेल तुम्ही, आणि इथे तर ४० टक्के झाडांत बोगदा होता. पण ती पातळी आत अळी असताना, पीक लहान असताना कामाची. रिकाम्या बोगद्यावर फवारणी म्हणजे चोर गेल्यावर कुलूप. खालच्या कडेची सात झाडं उपटून खड्ड्यात पुरली, मूग उपटायला लावला, कारण हा विषाणू मुगावरही वाढतो, आणि पांढऱ्या माशीसाठी त्या बाजूच्या पट्ट्यात एकच फवारणी केली.

उंचवट्यावरचा साधारण निम्मा भाग हाती लागला नाही. बाकीचं पीक आलं.

आता तुमच्या चौथ्या रकान्याकडे येऊ. माझा सगळ्यात जास्त राग याच रकान्यावर आहे, कारण विद्यार्थी इथे सीनियरच्या नोट्समधून औषधांची नावं उतरवतात आणि त्या नोट्स वीस वर्षं जुन्या असतात. सोयाबीनच्या खोडमाशीसमोर अजूनही 'पेरणीवेळी फोरेट १० जी' आणि चक्रीभुंग्यासमोर 'ट्रायझोफॉस ४० ईसी' लिहिलेलं मी पाहतो. ही दोन्ही केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली. एंडोसल्फान तर २०११ मध्येच गेलं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकाने विचारलं आणि तुम्ही फोरेट म्हणालात, तर त्याला कळतं की नोट्स कुणाच्या आहेत.

सध्याच्या शिफारशीत खोडमाशी आणि पांढरी माशी दोन्हींसाठी थायमिथोक्झाम १२.६ टक्के अधिक लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ९.५ टक्के झेडसी हेक्टरी १२५ मिली आहे. पांढऱ्या माशीसाठी ॲसिटामिप्रिड २५ टक्के अधिक बायफेन्थ्रिन २५ टक्के डब्ल्यूजी हेक्टरी २५० ग्रॅमही चालतं. चक्रीभुंग्यासाठी क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ एससी हेक्टरी १५० मिली. या शेवटच्या औषधाने पांढरी माशी आटोक्यात येत नाही, म्हणून 'चांगलं महाग औषध आहे' असं म्हणून ते मोझॅकसमोर लिहू नका. चक्रीभुंग्यासाठी फवारणीचा निर्णय ओळीच्या एका मीटरमध्ये तीन ते पाच वलयांकित झाडं दिसली की घ्यायचा. त्याआधी वलयाखालून कापून काढणं स्वस्त पडतं.

मात्रा तक्त्यात हेक्टरी लिहा आणि शेजारी पंपाचं गणित करा. शेतकऱ्याला हेक्टर कळत नाही, त्याला पंप कळतो. हेक्टरी १२५ मिली म्हणजे एकरी ५० मिली. साध्या नॅपसॅक पंपाने एकराला २०० लिटर पाणी लागतं असं धरलं तर दहा लिटरला अडीच मिली, पंधरा लिटरच्या पंपाला पावणेचार मिली. आता पेट्रोलवरचा पॉवर पंप असेल तर एकराला पाणी कमी लागतं. तिथे एकरी ५० मिलीच धरायचं, दहा लिटरला अडीच मिली हे धरून बसायचं नाही, नाहीतर औषध निम्म्यानेच पडतं. कुठे उलटी चूक होते: हेक्टरचा आकडा एकराला वापरतात, मग अडीच पट औषध पडतं. प्रात्यक्षिकात गुण याच गणिताला असतात, आणि लोक नेमके इथेच चुकतात.

लोहासाठी दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि २५ ग्रॅम चुना, गाळून घेऊन फवारायचं. चुना विसरला तर पानं भाजतात. हे द्रावण कीटकनाशकात मिसळू नका. आणि शेतात पाणी साचलेलं असेल तर आधी चर काढून ते बाहेर काढा. बऱ्याचदा निचरा झाला आणि दोन-चार दिवस ऊन पडलं की पीक आपोआप हिरवं होतं, आणि श्रेय फवारणीला जातं.

चारकोल रॉटसमोर विद्यार्थी कसलंतरी बुरशीनाशक लिहितातच, रकाना रिकामा ठेवायची भीती वाटते म्हणून. शेंगांच्या करप्यासाठी टेब्युकोनॅझोल आहे, ते इथे आणू नका. मुळात आणि खोडाच्या आत बसलेली बुरशी पानावरच्या फवारणीने मरत नाही. तिथे 'उभ्या पिकात प्रभावी रासायनिक उपाय नाही. संरक्षित पाणी' असं लिहिलं तर ते पूर्ण उत्तर आहे. खरा उपाय पुढच्या पेरणीला: ज्वारी किंवा मक्यासारख्या तृणधान्याचा फेरपालट आणि बीजप्रक्रिया.

बीजप्रक्रियेचा क्रम नीट लक्षात ठेवा, तोंडी परीक्षेतला हा आवडता प्रश्न आहे. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू खत. एक किलो बियाण्याला कार्बोक्झिन ३७.५ टक्के अधिक थायरम ३७.५ टक्के हे मिश्र बुरशीनाशक तीन ग्रॅम, ते सुकलं की थायमिथोक्झाम ३० एफएस दहा मिली, आणि पेरणीच्या आधी सावलीत रायझोबियम. म्हणजे तीस किलो बियाण्याला ९० ग्रॅम आणि ३०० मिली. क्रम उलटा केला तर रासायनिक औषध जिवाणूंच्या अंगावर पडतं आणि मुळावर गाठी कमी धरतात. मग तुम्हीच दीड महिन्याने गाठ फोडून बघाल आणि ती करडी निघेल. थायमिथोक्झामची ही बीजप्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांत खोडमाशी आणि पांढरी माशी दोन्हींपासून रोपाला सांभाळते. लातूरच्या त्या शेतकऱ्याने ती केली नव्हती, मी विचारलं होतं.

मोझॅकबद्दल एक जास्तीचं वाक्य लिहा, त्याचे गुण हमखास मिळतात. 'कारण' या रकान्यात नुसतं 'विषाणू' लिहू नका. विषाणू, आणि त्याचा प्रसार करणारी बेमिसिया टॅबासी ही पांढरी माशी, असं दोन्ही लिहा. विषाणूवर औषध नाही, म्हणून नियंत्रणाच्या रकान्यात जे काही आहे ते सगळं माशीसाठी आणि रोगट झाडासाठी आहे. हा संबंध कळला की लक्षात येतं, रोगट झाड उपटणं फवारणीइतकंच महत्त्वाचं का आहे: ते झाड उभं राहिलं तर प्रत्येक नवी माशी तिथूनच विषाणू घेऊन जाते, आणि एकदा घेतला की पुढे अनेक दिवस तो पसरवत राहते. आणि हो, नुसतं सिंथेटिक पायरेथ्रॉइड पुन्हा पुन्हा फवारलं तर पांढरी माशी वाढते, मित्रकिडी मरतात म्हणून. कापसात हे पुष्कळ वेळा घडलेलं आहे.

तक्त्यात अजून एक खूण करा, एवढंच शेवटचं. प्रत्येक ओळीपुढे क, रो किंवा वि असं एक अक्षर: कीड, रोग, विकृती. माझ्या तक्त्यात खोडमाशी आणि चक्रीभुंगा क, मोझॅक आणि चारकोल रो, लोह वि. विकृतीच्या ओळीत कीटकनाशक किंवा बुरशीनाशक लिहिलेलं सापडलं तर ती चूक तुमची तुम्हालाच डोळ्यांत भरेल.

नमुने गोळा करताना खोडमाशीचं खोड चिरूनच ठेवा, दोन्ही फाकी एकत्र दोऱ्याने बांधून. सालीखालचे काळे ठिपके कागदी पाकिटात महिनोन्‌महिने राहतात, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं तर दोन दिवसांत वरून दुसरीच पांढरी बुरशी चढते आणि परीक्षक विचारतो, ही कोणती? मोझॅकचं पान वर्तमानपत्रात दाबा आणि पहिला आठवडा रोज कागद बदला. नाही बदलला तर पान तपकिरी होतं, पिवळ्या-हिरव्याचा फरक जातो, आणि मग तुमच्या वहीतलं मोझॅकचं पान आणि लोहाच्या कमतरतेचं पान सारखंच दिसायला लागतं.